एन्ट्रॉपी म्हणजे 'अव्यवस्था' नव्हे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात भौतिकशास्त्र शिकणारी आपल्याकडची मुले घरी मराठी बोलतात, शाळेत हिंदीतून किंवा इंग्रजीतून शिकतात, आणि एन्ट्रॉपीबद्दल तिन्ही भाषांत त्यांना एकच वाक्य पाठ असते: एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था. त्यानंतर विद्यार्थी आणि पालक जे प्रश्न विचारतात, त्यांपैकी बहुतेक या एका वाक्यातूनच जन्मलेले असतात. त्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. बहुतेक ठिकाणी उदाहरण एकच घेतले आहे, ते म्हणजे पाणी गोठण्याचे. कारण त्यात मोजमाप सोपे आहे आणि 'अव्यवस्था' हा शब्द कोठे अडतो ते डोळ्यांसमोर दिसते.

एन्ट्रॉपी म्हणजे नेमके काय?

तिच्याकडे पोहोचण्याचे दोन रस्ते आहेत. पहिला उष्णतेचा. रुडॉल्फ क्लॉसियस यांनी १८६५ मध्ये या राशीला नाव दिले. एखाद्या वस्तूला तिचे तापमान जवळजवळ स्थिर ठेवून, अगदी सावकाश, उलट दिशेनेही नेता येईल अशा रीतीने उष्णता दिली, तर त्या उष्णतेला वस्तूच्या केल्विनमधील तापमानाने भागल्यावर जे मिळते, तेवढी तिची एन्ट्रॉपी वाढते. म्हणून तिचे एकक ज्यूल प्रति केल्विन आहे. या व्याख्येत व्यवस्था किंवा अव्यवस्था यांचा उल्लेखही नाही. तराजू, तापमापी आणि उष्णतामापी एवढ्या साधनांनी ती मोजता येते.

दुसरा रस्ता मोजणीचा. पेल्यातल्या पाण्याचे वस्तुमान, आकारमान आणि एकूण ऊर्जा आपल्याला ठाऊक असते, परंतु त्यातला प्रत्येक रेणू कोठे आहे आणि कसा हलतो आहे हे ठाऊक नसते. बाहेरून तेच पेलाभर पाणी दिसावे आणि आत रेणूंची मांडणी व ऊर्जेची वाटणी मात्र वेगवेगळी असावी, असे असंख्य प्रकार संभवतात. या प्रत्येक प्रकाराला सूक्ष्मस्थिती म्हणतात. त्यांची संख्या W असेल, तर

S = k ln W

हे एन्ट्रॉपीचे सूत्र. यातला k हा बोल्ट्झमन स्थिरांक असून त्याचे मूल्य १.३८ × १०⁻²³ ज्यूल प्रति केल्विन आहे. व्हिएन्ना येथे लुडविग बोल्ट्झमन यांच्या समाधीवर हेच सूत्र कोरलेले आहे, मात्र ते या रूपात प्रथम मॅक्स प्लांक यांनी लिहिले.

उष्णतेला तापमानाने भागणे आणि प्रकार मोजणे, या दोन गोष्टी एकच कशा?

हा प्रश्न फार कमी विद्यार्थी विचारतात आणि तो सर्वांनी विचारावा असे आम्हाला वाटते, कारण त्याच्या उत्तरात एन्ट्रॉपीचे सारे मर्म आहे. तीन अणूंचा एक लहानसा पदार्थ घ्या. त्याच्याकडे ऊर्जेचे तीन सारखे हिस्से आहेत आणि ते कोणत्याही अणूकडे कितीही असू शकतात. तिन्ही हिस्से एकाच अणूकडे, किंवा दोन एकाकडे आणि एक दुसऱ्याकडे, किंवा प्रत्येकाकडे एक, असे सगळे मोजले तर वाटणीचे १० प्रकार निघतात. आणखी एक हिस्सा दिला तर प्रकार १५ होतात, म्हणजे दीडपट. आता तशाच दुसऱ्या पदार्थाकडे १० हिस्से असतील, तर त्याचे प्रकार ६६ असतात आणि अकरावा हिस्सा मिळाल्यावर ७८ होतात, म्हणजे जेमतेम १.१८ पट. ऊर्जेचा हिस्सा तोच, पण ज्याच्याकडे ऊर्जा थोडी आहे त्याच्या प्रकारांत तो मोठ्या पटीने भर घालतो आणि ज्याच्याकडे पुष्कळ आहे त्याच्या प्रकारांत लहान पटीने. थंड वस्तूच्या बाबतीत भाजक लहान आणि गरम वस्तूच्या बाबतीत मोठा, हा क्लॉसियस यांचा नियम येथे मोजणीतून आपोआप बाहेर पडतो.

हे दोन पदार्थ एकमेकांना चिकटवून ठेवा. एकाकडे ३ आणि दुसऱ्याकडे ११ हिस्से असताना एकत्रित प्रकार १० × ७८, म्हणजे ७८० आहेत. गरम पदार्थाकडून एक हिस्सा थंड पदार्थाकडे गेला की ते १५ × ६६, म्हणजे ९९० होतात. दोघांकडे सात-सात झाले की ३६ × ३६, म्हणजे १२९६. उष्णता गरमाकडून थंडाकडे जाते ती कोणा आदेशामुळे नव्हे, तर तिकडच्या बाजूला प्रकार जास्त आहेत म्हणून. सहा अणूंच्या बाबतीत ७८० आणि १२९६ यांत फार अंतर नाही, त्यामुळे तेथे उलटा प्रवासही वरचेवर घडेल. पेलाभर पाण्यात अणूंची संख्या इतकी प्रचंड असते, की उलटा प्रवास पाहायला मिळण्याची शक्यता व्यवहारात शून्यच.

मग 'अव्यवस्था' हा शब्द आला कोठून?

तो काही कोण्या अडाण्याने घुसडलेला नाही. बोल्ट्झमन यांनी स्वतः वायूंविषयी लिहिताना व्यवस्थित आणि अव्यवस्थित अशी भाषा वापरली होती, आणि वायूंपुरती ती चालूनही जाते: डब्याच्या एका कोपऱ्यात दाटलेला वायू सर्वत्र पसरला की प्रकार वाढतात, आणि चित्रही विस्कळीत झाल्यासारखे दिसते. घोटाळा होतो तो पुढे, जेव्हा हे चित्रच व्याख्या म्हणून शिकवले जाते. चित्र रेणूंच्या जागा दाखवते; ऊर्जेची वाटणी किती प्रकारे झाली आहे, रेणूला आपल्या जागी हलायला किती मोकळीक आहे, ते चित्रात दिसत नाही. W मध्ये मात्र हे सगळे मोजलेले असते.

अव्यवस्था वाढण्याऐवजी सुव्यवस्था वाढते आणि तरीही एन्ट्रॉपी वाढते, असे कधी घडते का?

घडते, आणि ते घरी पाहता येते. सराफ्यात कुल्फी गोठवण्यासाठी बर्फ आणि खडेमीठ यांचे जे मिश्रण लागते, तेच येथे उपयोगी पडते. बारीक फोडलेल्या बर्फात त्याच्या साधारण चौथ्या हिश्शाइतके खडेमीठ मिसळले, तर मिश्रणाचे तापमान सहज उणे १० अंश सेल्सिअसच्या खाली जाते. स्वच्छ बाटलीत १०० ग्रॅम ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे, त्यात तापमापी बुडवून ठेवावी आणि बाटली धक्का न लावता त्या मिश्रणात उभी करावी. पारा शून्याशी थांबत नाही, खाली उतरतच जातो. उणे ४, उणे ६, आणि पाणी चांगले निवळ असेल तर उणे ८ अंशांपर्यंतही ते द्रव राहते. याला अतिशीत पाणी म्हणतात. गोठण्याची सुरुवात करायला बर्फाचा एखादा सूक्ष्म कण किंवा धूळ लागते, आणि तीच नसल्यामुळे पाणी अडून राहिलेले असते.

आता बाटली बाहेर काढून, पुसून, तिच्यात बर्फाचा एक बारीक कण टाका किंवा बूड टेबलावर हलके आपटा. काही क्षणांत पाण्यातून सुयांसारखे स्फटिक पसरत जातात, बाटली दुधाळ दिसू लागते, आणि तापमापीतला पारा वर चढत शून्य अंशावर येऊन थांबतो. पाणी गोठत असताना तापते, हे पाहून मुलांना खोटे वाटते. पण गोठताना बाहेर पडणारी अप्रकट उष्णता जाणार तरी कोठे? एवढ्या थोड्या वेळात बाटलीबाहेरून फारशी उष्णता आत येत नाही की आतून बाहेर जात नाही, म्हणून हिशेबापुरती बाटली विलग मानायला हरकत नाही. काटेकोर करायचे असेल तर पाणी थर्मासमध्ये घ्यावे.

हिशेब असा. उणे ८ अंशांवरचे १०० ग्रॅम पाणी शून्यावर यायला, ग्रॅममागे अंशाला ४.२ ज्यूल धरून, ३३६० ज्यूल लागतात. ही उष्णता आतूनच येते. एक ग्रॅम पाणी गोठताना ३३४ ज्यूल बाहेर टाकते, त्यामुळे सुमारे १० ग्रॅम पाण्याचा बर्फ होतो आणि ९० ग्रॅम द्रवच राहते. आता एन्ट्रॉपी काढण्यासाठी सुरुवात आणि शेवट तेच ठेवून मधला रस्ता सावकाश जाणारा निवडावा: आधी सगळे पाणी शून्यापर्यंत तापवले आणि मग त्यातले १० ग्रॅम शून्यावर गोठवले, असे समजावे. तापवताना ३३६० ज्यूल आत गेले ते २६५.१५ ते २७३.१५ केल्विन या तापमानांत, म्हणजे सरासरी सुमारे २६९.१ केल्विनला, भागाकार १२.४९ ज्यूल प्रति केल्विन. गोठवताना तेवढेच ३३६० ज्यूल बाहेर आले ते २७३.१५ केल्विनला, भागाकार १२.३०. वजाबाकी केली की बाटलीची एन्ट्रॉपी सुमारे ०.१८ ज्यूल प्रति केल्विन एवढी वाढलेली दिसते.

हा आकडा लहान वाटेल. त्याला k ने भागले तर उत्तर १.३ × १०²² येते, म्हणजे सूक्ष्मस्थितींची संख्या e या अंकाचा तेवढा घात घ्यावा इतक्या पटीने वाढली. जेथे काही नव्हते तेथे स्फटिकांच्या रेखीव सुया उभ्या राहिल्या, आणि प्रकार मात्र कल्पनेपलीकडे वाढले.

प्रयोग फसतो तो बहुधा दोन प्रकारे. नळाचे किंवा बोअरिंगचे पाणी घेतले, अथवा बाटली नीट धुतली नाही, तर उणे १ किंवा २ अंशांवरच सुया दिसू लागतात आणि पारा फारसा उडी घेत नाही. दुसरे म्हणजे मिश्रणातले खारे पाणी बाटलीत शिरते. ते ओळखणे सोपे आहे: गोठण्यानंतर पारा शून्यावर न थांबता त्याच्या खालीच थबकतो. १०० ग्रॅम पाण्यात एक ग्रॅम मीठ गेले असेल तर तो सुमारे उणे ०.६ अंशाशी थांबेल.

पण बर्फ झाला तेथे अव्यवस्था घटली आणि उरलेले पाणी तापले तेथे ती जास्त वाढली, असे म्हणता येणार नाही का?

म्हणता येईल, आणि पुष्कळ ठिकाणी असेच म्हटले जाते. आमचा आक्षेप असा आहे, की हे वाक्य उत्तर कळल्यानंतरच रचता येते. उणे ८ अंशांवरचे द्रव पाणी आणि शून्य अंशावरचे द्रव पाणी यांची चित्रे शेजारी ठेवली, तर दुसऱ्यात अव्यवस्था किती जास्त आहे ते कोणालाही पाहून सांगता येणार नाही. मग एका बाजूला बर्फाच्या सुया आणि दुसऱ्या बाजूला आठ अंशांची ऊब, यांतले जड कोण हे ठरवणार कसे? ते ठरवायला वरचाच भागाकार करावा लागतो. म्हणजे काम सगळे एन्ट्रॉपीने करायचे आणि 'अव्यवस्था' हे नाव मागाहून चिकटवायचे, एवढाच त्या शब्दाचा वाटा राहतो.

बाटली पुन्हा मिश्रणात ठेवून उरलेले ९० ग्रॅम पाणीही गोठवले, तर परिसराचा वाटा स्पष्ट होतो. पाणी ३०,०६० ज्यूल बाहेर टाकते आणि त्याची एन्ट्रॉपी सुमारे ११०.० ज्यूल प्रति केल्विनने घटते. मिश्रण उणे १२ अंशांवर, म्हणजे २६१.१५ केल्विनला असेल, तर तीच उष्णता घेऊन त्याची एन्ट्रॉपी ११५.१ ने वाढते. बेरीज धन आहे, म्हणून पाणी गोठते. आता परिसर अधिक १ अंशावर आहे असे समजा. त्याच ३०,०६० ज्यूलला २७४.१५ ने भागल्यास १०९.६ मिळतात, जे ११०.० पेक्षा कमी आहेत. बेरीज ऋण होते, आणि म्हणूनच एक अंशावरच्या खोलीत पाण्याचा बर्फ होत नाही. एका अंशाच्या फरकाने निकाल कसा उलटतो हे भागाकार सांगतो. 'अव्यवस्था' या शब्दाला शून्य अंश कोठे आहे हे सांगता येत नाही.

पसरलेल्या खोलीचे उदाहरण मग चुकीचे आहे का?

होय, आणि सर्वांत जास्त नुकसान त्यानेच केले आहे. घरातली एक हजार पुस्तके कपाटात नीट न ठेवता कोठेही टाकली, आणि प्रत्येकाला एक हजार जागा उपलब्ध आहेत असे मानले, तर मांडणीचे प्रकार हजाराचा हजारावा घात एवढे होतात. संख्या मोठी आहे, पण तिचा लॉगरिदम फक्त ६९०८ आहे. त्याला k ने गुणले तर सुमारे ९.५ × १०⁻²⁰ ज्यूल प्रति केल्विन मिळतात. खोलीच्या तापमानाला एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवले तर ०.०१४ ज्यूल प्रति केल्विन एवढी वाढ होते, म्हणजे पुस्तकांच्या पसाऱ्याच्या सुमारे पंधरा कोटी अब्ज पट. शिवाय पुस्तके आपणहून जागा बदलत नाहीत. रेणूंसारखी त्यांची सतत हालचाल होऊन सगळे प्रकार आळीपाळीने घडत नाहीत. खोली आवरणाऱ्याने निसर्गनियमाविरुद्ध झुंज दिली, हे वाक्य ऐकायला गोड आहे, परंतु उष्मागतिकीशी त्याचा संबंध नाही.

निव्वळ एन्ट्रॉपी वाढावी म्हणून स्फटिक तयार होतो, असे एखादे शुद्ध उदाहरण आहे का?

आहे, आणि आमच्या मते या सगळ्या चर्चेतले ते सर्वांत निर्णायक उदाहरण आहे. पाण्याच्या बाबतीत अप्रकट उष्णतेचा हिशेब मध्ये येतो. तो बाजूला ठेवण्यासाठी असे गोल कल्पावेत, की जे एकमेकांना ओढत नाहीत, चिकटत नाहीत, फक्त एकमेकांत घुसू शकत नाहीत. त्यांच्यात आकर्षणाची ऊर्जाच नाही, तेव्हा ते जे काही करतील ते फक्त प्रकारांच्या संख्येवर ठरेल. १९५७ मध्ये बर्नी आल्डर आणि थॉमस वेनराइट यांनी त्या काळच्या संगणकावर अशा गोलांची हालचाल गणिताने चालवून पाहिली. गोल पुरेसे दाट झाले की ते आपोआप रांगा लावून स्फटिक बनतात, असे त्यांना दिसले. अनेक शास्त्रज्ञांना ते पटायला वेळ लागला, कारण आकर्षणाशिवाय स्फटिक ही कल्पनाच विचित्र वाटत होती.

पुढच्या गणनांतून आकडे पक्के झाले. गोलांनी एकूण आकारमानाच्या ४९.४ टक्क्यांहून कमी जागा व्यापली असेल तर ते द्रवासारखे राहतात, ५४.५ टक्क्यांहून जास्त व्यापली तर सगळा स्फटिक होतो, आणि दरम्यान दोन्ही शेजारी-शेजारी असतात. १९८६ मध्ये पीटर प्युसी आणि विल्यम व्हॅन मेगन यांनी द्रवात तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या अतिसूक्ष्म गोलांवर हे प्रत्यक्ष दाखवले. पांढऱ्या प्रकाशात त्यांच्या नळ्यांमधले स्फटिक रंगांनी चमकत होते, कारण गोलांमधले अंतर प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपासचे होते.

हे घडते का, ते प्रकारांच्या भाषेत लगेच कळते. दाट आणि विस्कळीत मांडणीत बहुतेक गोल शेजाऱ्यांमध्ये अडकून पडतात. कोठे मोठी पोकळी वाया जाते, तर कोठे हलायलाही जागा उरत नाही. रांगा नीट लागल्या की तीच मोकळी जागा सर्वांच्या वाट्याला सारखी येते आणि प्रत्येक गोलाला आपल्या ठिकाणाभोवती थरथरायला पुरेसा वाव मिळतो. कोणत्या ठिकाणी बसायचे यातले प्रकार घटले, पण बसल्यावर हलण्याचे प्रकार त्याहून अधिक वाढले. दाटी कमी असेल तर पहिली गोष्ट वरचढ ठरते, जास्त असेल तर दुसरी. जो डोळ्यांना व्यवस्थित दिसतो तो स्फटिक त्याच दाटीच्या विस्कळीत द्रवापेक्षा जास्त एन्ट्रॉपीचा असतो. येथे परिसराकडे बोट दाखवायलाही जागा नाही.

बर्फ तरी पूर्ण व्यवस्थित असतो ना?

दिसतो तेवढा नाही. बर्फात ऑक्सिजनचे अणू जालकात अचूक बसलेले असतात, पण हायड्रोजनचे तसे नसते. प्रत्येक ऑक्सिजनभोवती चार हायड्रोजन बंध असतात. त्यांपैकी दोघांवरचे हायड्रोजन त्याच्या जवळ आणि दोघांवरचे लांब असावे, एवढाच नियम आहे. कोणते दोन, हे ठरलेले नाही. लायनस पॉलिंग यांनी १९३५ मध्ये मोजले, की यामुळे दर रेणूमागे सुमारे दीड प्रकार शिल्लक राहतात, म्हणजे एका मोलला ३.३७ ज्यूल प्रति केल्विन. पुढच्याच वर्षी विल्यम जिओक आणि जे. डब्ल्यू. स्टाउट यांनी बर्फाच्या उष्णतेच्या मोजमापांतून जवळजवळ तेवढीच उरलेली एन्ट्रॉपी शोधून काढली. पेल्यातला बर्फ पाहून याचा सुगावाही लागत नाही.

'ऊर्जा पसरणे' हा शब्दप्रयोग अधिक चांगला आहे का?

अमेरिकेतील रसायनशास्त्राचे अध्यापक फ्रँक लॅम्बर्ट यांनी २००२ च्या सुमारास 'अव्यवस्था' हा शब्द पाठ्यपुस्तकांतून काढावा म्हणून आग्रहाने लेखन केले, आणि तेथील अनेक पुस्तकांनी तो काढलाही. त्यांनी सुचवलेले वर्णन असे, की ऊर्जा एके ठिकाणी एकवटलेली असते ती अधिकाधिक पसरते. उष्णता वाहणे, वायू पसरणे, बर्फ वितळणे यांना ते चांगले लागू पडते, आणि 'अव्यवस्थे'पेक्षा आम्ही ते नक्कीच पसंत करू.

तरीही तेही पुरते नाही. बर्फातल्या हायड्रोजनांचे जे प्रकार वर सांगितले, त्यांत पसरायला वेगळी अशी ऊर्जाच नाही. सगळ्या मांडण्यांची ऊर्जा जवळजवळ सारखी आहे. कठीण गोलांच्या स्फटिकातही ऊर्जा आहे तेथेच राहते, बदलते ती हलण्याची मोकळीक. म्हणून शेवटी प्रकारांच्या मोजणीवरच यावे लागते. मोजणी करताना काय स्थिर धरले आहे, म्हणजे ऊर्जा, आकारमान आणि कणांची संख्या, हे आधी सांगायचे. त्या अटींत बसणारे प्रकार किती, ते पाहायचे. आणि त्याचा लॉगरिदम घ्यायचा.

घन पदार्थाची एन्ट्रॉपी द्रवापेक्षा नेहमी कमी असते, हे तरी खरे ना?

रोजच्या जगात खरे. परंतु हेलियम-३ या समस्थानिकाच्या बाबतीत ०.३ केल्विनच्या खाली ते उलटते. त्याच्या अणुकेंद्राला दोन दिशांपैकी कोणतीही घेता येते, आणि घन अवस्थेत अणू एकमेकांपासून वेगळे बसलेले असल्यामुळे हे दोन्ही पर्याय मोकळे राहतात. द्रवात मात्र पुंजयामिकीच्या नियमांमुळे ते बव्हंशी बंद होतात. परिणामी स्फटिकाची एन्ट्रॉपी जास्त असते, आणि दाबाखाली तो द्रव गोठवला की थंड होतो. १९५० मध्ये इसाक पोमेरांचुक यांनी हे भाकीत केले होते. डेव्हिड ली, डग्लस ओशेरॉफ आणि रॉबर्ट रिचर्डसन यांनी याच पद्धतीने थंडावा मिळवत हेलियम-३ चे अतिप्रवाहित्व शोधले, ज्यासाठी त्यांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

परीक्षेत 'अव्यवस्था' असे लिहिले नाही तर गुण जातील का?

ही चिंता रास्त आहे, कारण उत्तरपत्रिका तपासणाऱ्यासमोर आदर्श उत्तर ठेवलेले असते आणि त्यात हा शब्द असण्याची शक्यता मोठी आहे. आमचा सल्ला असा: व्याख्येच्या जागी आधी उष्णता आणि तापमान यांचा भागाकार लिहावा, मग सूक्ष्मस्थितींची संख्या व सूत्र द्यावे, आणि त्यानंतर 'या संख्येला ढोबळमानाने अव्यवस्थेचे माप म्हटले जाते' असे वाक्य जोडावे. गुण देणाऱ्याला हवा तो शब्द सापडतो आणि लिहिणाऱ्याने चूकही केलेली नसते. उदाहरण मागितले असेल तर खोलीचे देऊ नये. शून्य अंशावर वितळणाऱ्या बर्फाचे द्यावे, एका ग्रॅमसाठी ३३४ ला २७३ ने भागून १.२२ ज्यूल प्रति केल्विन हे उत्तर काढून दाखवावे, आणि एकक लिहायला विसरू नये.